रजेच्या अर्जासोबत भूमिती

आमच्या शाळेत आजारपणाला मे महिना ठरलेला होता. कोणाचा मोतीबिंदू, कोणाचं अपेंडिक्स, कोणाच्या बायकोचं बाळंतपण, सगळं मे महिन्यात व्हायचं, किंवा व्हावं अशी अपेक्षा असायची. शिक्षकांच्या पोरांची लग्नंही मेमध्येच. त्यामुळे एप्रिलअखेरीला शिक्षक-खोलीत बसलं की दवाखान्याच्या तारखा आणि मंगल कार्यालयाच्या तारखा एकाच दमात ऐकू यायच्या. उरलेलं वर्षभर जे काही दुखायचं ते अंगावर काढायचं. याबद्दल कोणी आदेश काढला नव्हता, पण पाळत मात्र सगळे होते.

शाळा आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात, लोणीच्या बाजूला. संस्थेची, अनुदानित, पाचवी ते दहावी. मी तिथे गणित शिकवायची. सन दोन हजारच्या पुढेमागे दोन वर्षं मीही अंगावर काढलं. गर्भपिशवीत गाठी होत्या. महिन्यातले आठ-दहा दिवस मी फळ्याला एक हात टेकवून उभी राहायची, आणि पोरांना वाटायचं बाई विचार करतायत. दिवाळीच्या सुट्टीत मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि रिपोर्ट माझ्यासमोर असा ठेवला, जशी मी नापासांची उत्तरपत्रिका ठेवते.

"पिशवी काढावी लागेल. आधी गोळ्या आणि इंजेक्शनं देऊन रक्त वाढवू. नोव्हेंबरअखेरीला ऑपरेशन."

"मे महिन्यात नाही का चालणार?" मी विचारलं.

"मे महिन्यापर्यंत तुम्ही फळ्यासमोर उभ्या राहणार नाही, आडव्या व्हाल," त्या म्हणाल्या. मला ही बाई तिथेच आवडली. माझ्यासारखीच फटकळ.

माझे यजमान बाजार समितीत कारकून. कांद्याच्या लिलावातला गोंगाट दिवसभर ऐकून ते घरी फार कमी बोलतात. त्या दिवशी मोटरसायकलला किक मारताना मात्र म्हणाले, "तुझी शाळा गेली खड्ड्यात. ऑपरेशन होणार म्हणजे होणार." मला खूप बरं वाटलं. पण शाळा खड्ड्यात घालायची माझी तयारी नव्हती. दहावीचा एकच वर्ग होता, आणि दर वर्षी त्यातली पाच-सात पोरं गणितात आपटायची. त्यात मुली जास्त. नापास झालेला मुलगा ऑक्टोबरला पुन्हा बसायचा. मुलगी बसायची नाही. पुढच्या दिवाळीत ती एकदम साडीत दिसायची आणि मला बघून पदर सारखा करायची. मला त्या पदराची चीड होती.

शाळा उघडल्यावर मी मुख्याध्यापकांपुढे रजेचा अर्ज ठेवला. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलेलं होतं. दीड महिन्याची रजा, अर्धपगारी खात्यातून परिवर्तित करून, म्हणजे दुप्पट दिवस मोडून, पूर्ण पगारी. खात्यावर रजा भरपूर साठलेली होती, कारण मी ती कधी घेतलीच नव्हती. क्लार्कने सेवापुस्तक उघडून बघितलं आणि आदराने मान हलवली.

मुख्याध्यापक इंग्रजी शिकवायचे. करडे, पण मनाने वाईट नव्हते. अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की आम्ही समजायचो, आता नाही म्हणणार.

"बाई, दिवाळीनंतर दहावीचा शिक्षक रजेवर जात नाही. माझ्या नोकरीत मी असं पाहिलेलं नाही. मे महिन्यात करून घ्या."

"डॉक्टर म्हणतात मे फार लांब आहे."

"डॉक्टरांना बोर्डाचा निकाल लावायचा नसतो. आणि बदली शिक्षक कुठून आणू? एवढ्याशा रजेसाठी जाहिरात द्यायची, मुलाखत घ्यायची, जिल्हा परिषदेची मान्यता मागायची. ती येईपर्यंत तुम्ही परत येऊन पोरांची परीक्षासुद्धा झालेली असेल."

हे खरंच होतं. मला उत्तर सुचेना म्हणून राग आला. राग आला की मला उत्तर सुचतं.

"सर, मी अर्जासोबत सगळं जोडून देते. आजवर किती शिकवून झालं, किती राहिलं, प्रत्येक तासाचं टाचण, चाचणीची प्रश्नपत्रिका, तिची उत्तरं. आपल्याच शाळेतल्या कोणाच्याही हातात दिलं तरी वर्ग चालला पाहिजे."

"आणि निकाल पडला तर?"

"जबाबदारी माझी. तसं अर्जात लिहून देते."

त्यांनी चष्मा परत घातला. "लिहून नका देऊ. पण एक ऐका. तुमच्यामागून उद्या दुसरं कोणी येईल, सत्राच्या मध्येच ऑपरेशन मागेल. निकाल पडला तर मी त्यांना तुमचं उदाहरण देऊन परत पाठवीन. चांगला राहिला, तर मला कोणाला अडवायला तोंड राहणार नाही. आणा तुमची फाईल."

मी खोलीबाहेर आले तेव्हा कळलं, आपण आपल्या पिशवीबरोबर सगळ्या स्टाफचं दुखणं डोक्यावर घेऊन आलोय.

टाचण म्हणजे काय ते शिक्षक नसलेल्याला सांगायला हवं. आज तासाला काय शिकवणार, कशासाठी, फळ्यावर काय लिहिणार, शेवटी काय विचारणार, हे आदल्या दिवशी वहीत लिहायचं आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. एकदा सही झाली की वही कपाटात. सगळे असंच करतात. पण आता ते टाचण वाचून कोणीतरी खरंच शिकवणार होतं. मी पहिल्यांदाच खरं टाचण लिहायला बसले.

आधी अभ्यासक्रम. भूमितीत समरूपता आणि वर्तुळ शिकवून झालं होतं. राहिलं होतं भौमितिक रचना, महत्त्वमापन आणि त्रिकोणमिती. त्रिकोणमिती मी स्वतःसाठी ठेवली. जानेवारीत येऊन घेणार होते. रचना आणि महत्त्वमापन बदली शिक्षकाकडे. मग एकेका तासाचं टाचण. आणि मी थांबेचना. "इथे मुले हमखास त्रिज्येऐवजी व्यास घेतात, तेव्हा एकदा ओरडावे." "खिडकीजवळच्या दोन मुली उत्तर येत असूनही हात वर करीत नाहीत, त्यांना नावाने विचारावे." "या उदाहरणानंतर पाणी प्यायला सोडू नये, निम्मी मुले परत येत नाहीत." यजमान बाजूला बसून पानं भोक पाडून फाईलला लावत होते. एक पान वाचून म्हणाले, "हे टाचण आहे का मृत्युपत्र?"

मला हसू आलं. पण भीती मलाही होतीच की.

मुख्याध्यापकांनी फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. मग त्यांनी रजेची शिफारस करून अर्ज शाळा समितीकडे पाठवला आणि वेळापत्रक पुढे ओढलं. बीजगणित आणि नववीचं गणित विज्ञानाच्या सरांकडे गेलं. ते आधीच तासांखाली दबलेले होते, त्यांच्याकडे भूमिती देणं म्हणजे माणूस मारणं. रिकामे तास उरले होते ते एकाच माणसाकडे. चित्रकलेच्या सरांकडे.

त्याला कारण होतं. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिवाळीआधी होऊन जातात. त्या झाल्या की सर स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवेपर्यंत निवांत असायचे. ते पिंपळवंडीचे. भरदार मिशा, खिशाला कायम रंगाचा डाग, आणि बोलणं शाळेत आल्यावरही गावाकडचंच.

त्यांना बोलावून सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, मला गणित न्हाई हो जमायचं. मॅट्रिकला मी गणितात कसा सुटलो ते माझं मला म्हाईत. पोरं हसत्याल."

"पण सर, ग्रेड परीक्षेला तुम्हीच भूमितीचा पेपर शिकवता ना? पंचकोन, षटकोन, वर्तुळाला स्पर्शिका?"

"ते चित्र व्हतं! तुमच्यात प्रमेय असतं."

"रचनेला प्रमेय लागत नाही. पेन्सिल लागते."

त्यांनी फाईल हातात घेऊन वजन बघितलं. "एवढं लिवलंय व्हय. बरं. जसं लिवलंय तसं करीन. इकडं न्हाई का तिकडं न्हाई. पन काय चुकलं तर मला बोल लावू नका."

"सगळं लिहिलंय त्यात," मी छाती पुढे काढून म्हणाले. "चुकायला जागाच ठेवली नाही."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. त्यातलं मला आठवतं ते एवढंच की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आकडे मोजायला सांगितले आणि मी ते सरळ न मोजता मूळ संख्या म्हणायला लागले. पाच, सात, अकराच्या पुढे मी गेले नाही. घरी आल्यावर जड उचलायचं नाही, जिना नाही, बस नाही. मी पलंगावर पडून मनातल्या मनात तास घेत होते. सकाळी साडेअकरा वाजले की म्हणायची, आता लंबदुभाजक. आता अंतर्वर्तुळ. यजमान म्हणायचे, आता गप्प.

दुसरी घटक चाचणी झाली आणि रविवारी चित्रकलेचे सर घरी आले. बरोबर शेतातली मेथीची जुडी आणि चाचणीच्या पेपरचा गठ्ठा. खरं तर पेपर विज्ञानाचे सर तपासणार होते. पण यांना राहवलं नव्हतं, मला दाखवायचे होते. खुर्चीवर अगदी टोकाला बसून त्यांनी पहिला पेपर माझ्या हातात दिला.

मी पाहतच राहिले. काय ती आकृती! त्रिकोण असा की छापल्यासारखा, आत वर्तुळ तिन्ही बाजूंना नेमकं टेकलेलं. रेघ बारीक, सरळ. मी इतकी वर्षं शिकवूनही माझ्या पोरांनी असलं कधी काढलं नव्हतं. दुसरा पेपर तसाच. तिसरा तसाच. खिडकीजवळच्या दोघींचेही तसेच. सर माझ्या चेहऱ्याकडे बघत मिशीत हसत होते.

चौथ्या पेपरला माझ्या लक्षात आलं की काहीतरी कमी आहे.

"सर, कंस कुठे आहेत?"

"कंचं कंस?"

"कोन दुभागताना कंपासने जे कंस मारतात ते. लंब टाकताना मारतात ते. कुठेच दिसत नाहीत."

"ते व्हय!" सरांची छाती फुगली. "पुसलं. समद्यांनी पुसलं. पयल्याच दिवशी सांगून ठिवलं, ज्याच्याकडं रबर न्हाई त्यानं वर्गात बसायचं न्हाई. काम झालं की कच्च्या रेघा ऱ्हाऊ द्यायच्या न्हाईत. चित्र कसं सोच्छ पायजे."

मला हसू फुटलं. टाके असताना हसू नये. हा शोध मी तिथे लावला. दोन्ही हातांनी पोट धरून मी हसले, मग कण्हले, मग गप्प झाले. कारण हसण्यासारखं काही नव्हतं. बोर्डात कंस नसले तर रचना केली असं धरतच नाहीत. आकृती मोजपट्टीने अंदाजे काढली असंच तपासनीस म्हणणार. रचनेचे मार्क म्हणजे आमच्या कच्च्या पोरांची पास व्हायची वाट. प्रमेय न येणारं पोरगंसुद्धा रचनेवर तरून जातं. आणि ती वाट माझ्या वर्गाने खोडरबराने पुसून ठेवली होती.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "पन बाई, तुमच्या टाचनात न्हवतं ते. मी तीनतीनदा वाचलंय."

फाईल ते बरोबर घेऊनच आले होते. मी ती चाळली. खरंच नव्हतं. पाणी प्यायला कधी सोडू नये तेसुद्धा लिहिलं होतं, आणि कंस पुसू नयेत हे लिहिलं नव्हतं. कारण गणिताच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. तो जन्मात कंस पुसत नाही. मी फाईल लिहिली होती ती माझ्यासारख्याच माणसासाठी, आणि हातात दिली होती ती चित्रकाराच्या.

"बोल तुम्हाला नाही, मलाच," मी म्हणाले. सरांनी मेथीची जुडी उगाच इकडची तिकडे ठेवली.

बातमी मात्र दोन दिवसांत गावभर झाली. विज्ञानाच्या सरांनी पेपर तपासले, नियमाप्रमाणे मार्क कापले, आणि सबंध वर्ग रचनेत कोरडा राहिला. शाळा समितीतले एक पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन म्हणाले, "बाईन्ला काय आत्ताच दुखनं काढायचं व्हतं?" हे मला सांगायला मुख्याध्यापकांनीच घरी फोन केला.

"बाई, काही करून लवकर हजर होता येईल का? दोन आठवडे आधी. बसून शिकवा. मी खुर्चीची व्यवस्था करतो."

खरं सांगते, मी पायात चपला घालायच्या बेतात होते. त्या पालकाचं बोलणं माझ्या टाक्यांपेक्षा जास्त दुखलं. पण मग मला राग आला, आणि रागाबरोबर नियम आठवला.

"सर, वैद्यकीय रजेवरून फिट सर्टिफिकेटशिवाय हजर होता येत नाही. तुम्हीसुद्धा मला हजर करून घेऊ शकत नाही. आणि डॉक्टरीणबाई ते सर्टिफिकेट आधी देणार नाहीत."

नियमात अडकलेला मुख्याध्यापक फोनवरूनसुद्धा दिसतो.

"मग करायचं काय?"

"मी टाचणाला पुरवणी पाठवते. सर शिकवतील. त्यांच्याच हातून झालंय, त्यांच्याच हातून निघेल."

असं म्हटलं खरं, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उशीला टेकून मी पुरवणी लिहिली. या खेपेला हुशारी दाखवली नाही. डोळे मिटून मी असं धरलं की वाचणाऱ्याने कंपास फक्त दुकानात पाहिलाय. आधी कच्ची आकृती काढावी, ती पुसू नये. कंस स्पष्ट मारावेत, पुसू नयेत. बिंदूंना नावे द्यावीत. उत्तराच्या रेषा ठळक, बाकीच्या फिक्या, पण सगळ्या दिसाव्यात. लिहिताना जाणवत होतं की इतक्या वर्षांत हे मी वर्गात कधी सरळ सांगितलंच नव्हतं. पोरं माझं बघून बघून शिकली असतील ती असतील, आणि जी शिकली नाहीत ती दर वर्षी आपटत होती.

पुरवणी मिळाल्यावर सरांनी जे केलं ते माझ्या कागदात नव्हतं. दुसऱ्या दिवशी खडूचं रिकामं खोकं घेऊन ते वर्गात गेले आणि दारातच उभे राहून एकेकाचा खोडरबर त्यात टाकायला लावला. खोकं बांधून कपाटात. "आजपास्नं रबर न्हाई. रेघ मारायच्या आधी इचार करायचा. चुकली तर पान उलटायचं, नवी आकृती." पोरांनी आरडाओरडा केला. दोन दिवसांत वह्या संपल्या. पण पान उलटायचा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याने पोरं शहाणी झाली. कंपासचं टोक टेकवण्याआधी थांबायला लागली. नीट रेघ मारायला तर सरांनी आधीच शिकवलं होतं. आता त्या सुंदर आकृतीत कंसही सुंदर दिसायला लागले.

जादा तास शाळा सुटल्यावर, पण अंधार पडायच्या आत संपवावे लागायचे. तेव्हा आमच्याकडे उसातल्या बिबट्याची फार भीती होती आणि पोरी वाड्या-वस्त्यांवरून चालत यायच्या. मग सर मधल्या सुट्टीतही बसले. महत्त्वमापनाला त्यांनी ड्रॉइंग पेपरचे शंकू आणि दंडगोल करून घेतले, त्यांवर पोरांनी नक्षी काढली. क्षेत्रफळ नक्षीच्या निमित्ताने निघालं. हे सगळं मला दर रविवारी मेथीबरोबर कळायचं. पुढे पुढे मेथीचा कंटाळा आला, बातमीचा आला नाही.

जानेवारीत फिट सर्टिफिकेट देऊन मी हजर झाले. दहावीच्या वर्गात पाऊल टाकलं तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खूश. म्हटलं, आज रचनेची उजळणी घेऊ. वर्गात चुळबुळ. मग खिडकीजवळची ती, जी येत असूनही हात वर करीत नसे, तिने हात वर केला.

"बाई, तुम्ही त्रिकोणमिती घ्या ना. रचना सरांकडेच राहू द्या."

सबंध वर्ग माना डोलवत होता. मला लागलं. का नाही लागणार? इतकी वर्षं फळ्यासमोर उभी राहिले ती मी. पण त्या मुलीचा वर गेलेला हात बघितला आणि मी फणकारा गिळला. शुक्रवारी रचनेच्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसले. सरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं. कंपास न घेता, नुसत्या हाताने, एका झटक्यात. मला ते आजही येत नाही. मला बघून ते गडबडले आणि म्हणाले, "बाई बसल्यात, आता समदं नीट करा रं." मी माझी कंपास पेटी उघडली आणि वर्गाबरोबर ती आकृती काढली. शेजारच्या पोराने माझ्या वहीत डोकावून सांगितलं, "बाई, तुमचा कंस फिका आलाय."

पूर्वपरीक्षेत बरं झालं. पण पूर्वपरीक्षेवर माझा विश्वास नसतो. मार्चमध्ये पोरं बोर्डाला बसली. पेपर सुटल्यावर केंद्राबाहेर मी आणि सर झाडाखाली उभे होतो. एकेक पोरगं बाहेर यायचं, सर आधी विचारायचे, "कंस?" पोरगं अंगठा वर करायचं. पास-नापासाचं कोणी विचारतच नव्हतं.

निकाल जूनमध्ये लागला. मुख्याध्यापक वाटप केंद्रावरून गुणपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले आणि सरळ शिक्षक-खोलीत शिरले. एरवी ते आम्हाला आपल्या खोलीत बोलवतात. मी आणि विज्ञानाचे सर एकदमच पुढे झालो. मी फक्त गणिताचा रकाना बघत एकेक गुणपत्रिका उलटत गेले. लाल खूण शोधत होते. दर वर्षी ती चौथ्या-पाचव्या पानालाच भेटायची. मी गठ्ठ्याच्या तळाशी पोचले तरी ती भेटली नाही. विश्वास बसेना म्हणून परत पहिल्यापासून उलटला. गणितात कोणीच राहिलं नव्हतं. एकही नाही. खिडकीजवळच्या दोघी तर पहिल्या दहात होत्या.

मी मोठ्याने ओरडले. शिक्षिकेला न शोभणारं ओरडले. चित्रकलेचे सर दारात उभे होते, आत यायला धजत नव्हते. त्यांना म्हटलं, "अहो, एक पण नाही!" त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग खिशातला रुमाल काढला, त्याला रंग लागलेला होता, आणि डोळे पुसल्यावर गालावर निळा पट्टा उठला. कोणी सांगितलं नाही त्यांना. दिवसभर तसेच फिरले. समितीतल्या त्या पालकांनी पेढे वाटले तेव्हा पहिला पेढा त्यांनी सरांना दिला, दुसरा मला, आणि मला म्हणाले, "बाई, तब्येत बरी हाय ना आता?" मी म्हटलं, "लई बरी हाय." तो दिवस माझा होता आणि मी तो पुरेपूर मिरवला. बस थांब्यापर्यंत चालत जाताना जो भेटेल त्याला निकाल सांगितला, दोघांना तर दोनदा.

चार दिवसांनी नवीन वर्षाची वेळापत्रकं लावायचं काम चाललं होतं. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. दार लोटून घेतलं. चष्मा काढला. मी मनात म्हटलं, आता काय नाही म्हणायचं राहिलंय?

"बाई, बसा. जरा खाजगी आहे." त्यांनी टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरवर बोट टेकवलं. "मला हर्निया आहे. चार वर्षं झाली. दर वर्षी ठरवतो, मे महिन्यात करू. एका मेमध्ये पेपर तपासणी, एका मेमध्ये थोरलीचं लग्न, यंदा धाकटीचं. आता पट्टा बांधूनसुद्धा उभं राहवत नाही. डॉक्टर म्हणतात, जुलैत करा."

मी त्यांच्याकडे बघितलं. चार वर्षं हा माणूस पट्टा बांधून प्रार्थनेला ताठ उभा होता, आणि आम्हाला मे महिना सांगत होता. त्यालाही कोणीतरी तोच सांगितला असणार. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

"दहावीचं इंग्रजी कोण घेणार, हा प्रश्न आहे," ते हळूच म्हणाले.

"चित्रकलेचे सर," मी म्हणाले.

ते दचकले. मग हसले, आणि हसताना त्यांनी चटकन पोट दाबून धरलं. मी त्यांच्या टेबलावरचा कोरा कागद उचलून त्यांच्यापुढे ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं आणि म्हटलं, "लिहा सर. विषय, वैद्यकीय रजा मिळणेबाबत."

त्यांनी तारीख टाकली आणि लिहायला सुरुवात केली.